ओठ पुढे, आवाज मागे

व्हिडिओ कॉलवर समोरच्या माणसाचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून कानात येतात, तेव्हा पहिला संशय नेटवर जातो. राउटर बंद करून चालू केला जातो, लॅपटॉप उचलून खिडकीपाशी नेला जातो, पलीकडच्याला कॅमेरा बंद करायला सांगितलं जातं. पण कानावर ब्लूटूथ हेडफोन असेल तर बहुतेक वेळा नेट निर्दोष असतं. आवाज हजारो किलोमीटर पार करून लॅपटॉपपर्यंत वेळेवर आलेला असतो. उशीर होतो तो लॅपटॉपपासून कानापर्यंतच्या हातभर अंतरात. आणि हा उशीर पुष्कळदा आपण चांगल्या हेतूने केलेल्या एका निवडीमुळे येतो: ‘बोलण्यासाठी हेडफोनचा माइक नको, लॅपटॉपचाच बरा’ ही ती निवड. तिच्यामुळे उशीर का होतो हे कळलं की उपायही आपोआप समजतो.

इंटरनेटवर आवाज आणि चित्र एकत्र प्रवास करत नाहीत. दोघांची पाकिटं वेगळी असतात, ती मागेपुढे पोचतात, काही वाटेत हरवतात. म्हणून हा आवाज आणि हे चित्र नेमकं कधी टिपलं गेलं, याची नोंद पाठवणाऱ्याकडेच त्या पाकिटांवर चढते. गूगल मीट ज्या वेबआरटीसी तंत्रावर चालतं, त्यात घेणाऱ्याच्या बाजूला या नोंदी सतत ताडून पाहिल्या जातात. आवाज पुढे गेला असेल तर तो किंचित रोखला जातो, चित्र पुढे गेलं असेल तर चित्राला थांबवलं जातं. त्यामुळे नेट मंद झालं की चित्र गोठतं, आवाज तुटतो, किंवा दोन्ही मिळून उशिरा येतात. पण ओठ आणि शब्द यांची जोडी सहसा टिकून राहते.

जोडी फुटते ती या ताडणीनंतर. ॲप चित्र पडद्याकडे आणि आवाज ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवतं. पडदा चित्र जवळपास लगेच दाखवतो. आवाजाला मात्र अजून एक बिनतारी टप्पा ओलांडायचा असतो, आणि त्याला किती वेळ लागणार हे कुणी सांगितलं तरच ॲपला कळतं.

किती उशीर झाला तर माणसाला तो खटकतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली दूरचित्रवाणीच्या प्रसारणासाठी याचे आकडे शिफारस म्हणून दिले. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला, तर तो फरक जाणवू लागतो. ९० आधी किंवा १८५ मागे गेला की तो खपवून घेता येत नाही. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. मागे पडलेल्या आवाजाला आपण जास्त सवलत देतो, कारण निसर्गात आवाज नेहमी मागेच असतो. मैदानाच्या कडेला बसून सामना पाहताना सत्तर मीटरवरच्या फलंदाजाच्या बॅटचा आवाज दिसलेल्या फटक्यानंतर साधारण २०० मिलिसेकंदांनी येतो आणि आपल्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही. पण हातभर अंतरावर दिसणाऱ्या चेहऱ्याचा आवाज तेवढाच मागे पडला, तर मेंदू ते मानायला तयार होत नाही.

कारण आपण बोलणं फक्त कानाने ऐकत नाही. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरची व्यक्ती ‘गा’ म्हणताना दिसत होती आणि आवाज मात्र ‘बा’चा जोडलेला होता. ऐकणाऱ्या बहुतेकांना ‘दा’ असं तिसरंच काहीतरी ऐकू आलं. ओठ काय करताहेत हे मेंदू ऐकण्यातच मिसळून टाकतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचा तर अर्धा आधार ओठांवरच असतो. त्यांच्यासाठी पाव सेकंदाचा फरक म्हणजे नुसती चिडचीड नसते, वाक्यच्या वाक्य निसटतं.

आता त्या हातभर अंतराकडे वळू. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्याच पट्ट्यात घरातला जुना वायफाय असतो, बिनतारी माउस असतो, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळती असते. या गर्दीत काही पाकिटं बिघडतात आणि ती पुन्हा पाठवावी लागतात. गाणं ऐकताना मध्येच तुटू नये म्हणून हेडफोन आलेला आवाज लगेच वाजवत नाही, थोडा साठा करून मग वाजवत राहतो. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी हेच करते: नळाला पाणी कधी जोरात येतं, कधी येतच नाही, पण टाकी भरलेली असेल तर घरातली धार तुटत नाही. या साठ्याला बफर म्हणतात. साठा जितका मोठा तितकं गाणं निर्धोक, आणि तितकाच आवाज उशिरा. त्याआधी आवाज आकसून लहान करणं, त्याचे तुकडे पाकिटात भरणं, पलीकडे तो पुन्हा उलगडणं यातही थोडा थोडा वेळ जातो. संगीताच्या या मार्गाचं नाव एटूडीपी. या मार्गाने सगळं मिळून दीडशे ते तीनशे मिलिसेकंदांचा उशीर अगदी सर्रास होतो. दूरसंचार संघाच्या सहनशक्तीच्या १८५ च्या रेषेपलीकडे जायला तो पुष्कळदा पुरेसा असतो.

पण त्याच हेडफोनमध्ये दुसराही एक मार्ग असतो, फोनवर बोलण्यासाठीचा. त्याचं नाव एचएफपी. तो दोन्ही दिशांनी चालतो: पलीकडचा आवाज कानात आणि आपला आवाज माइकमधून बाहेर. संभाषणात शिळ्या आवाजाचा उपयोग नाही, हे धरूनच तो बांधलेला आहे. त्याच्यासाठी रेडिओवरची वेळ आधीच राखून ठेवलेली असते. बिघडलेलं पाकीट एकदोनदा पुन्हा पाठवून पाहतात आणि नाही जमलं तर सोडून देतात. मोठा साठा करायचा प्रश्नच येत नाही. म्हणून या मार्गाने आवाज क्वचित खरखरतो, एखादं अक्षर गळतं, पण तो फारसा मागे पडत नाही. उशीर बहुधा शंभर मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून कमी राहतो.

याची किंमत आवाजाच्या दर्जात मोजावी लागते. संगीताच्या मार्गाने दोन्ही कानांना वेगवेगळा, भरलेला आवाज मिळतो. बोलण्याच्या मार्गावरच्या जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेतले जातात, म्हणजे चार किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. ‘स’ आणि ‘फ’ यांच्यातला फरक बराचसा त्याच भागात असतो, म्हणून जुन्या फोनवर नाव सांगताना ही अक्षरं पुन्हा पुन्हा सांगावी लागत. नंतर आलेल्या, रुंद आवाजाच्या पद्धतीत १६,००० नमुने घेतले जातात आणि बोलणं पुष्कळ स्पष्ट कळतं. गाण्यासाठी ती अजूनही तोकडी आहे, पण गप्पांसाठी चालते. आज मिळणाऱ्या बहुतेक हेडफोनमध्ये ती असते.

कोणता मार्ग वापरायचा हे कोण ठरवतं? सगळा घोटाळा इथेच होतो. हेडफोनचा माइक चालू झाला की संगीताचा मार्ग बंद होतो आणि बोलण्याचा मार्ग उघडतो, कारण संगीताच्या मार्गाने आवाज एकाच दिशेने जातो, त्यात माइकला जागा नाही. फोनवरून व्हिडिओ कॉल केला तर हे आपोआप होतं. ॲप फोनला ‘आता संभाषण चालू आहे’ असं कळवतं आणि फोन हेडफोनला बोलण्याच्या मार्गावर नेतो. म्हणून त्याच हेडफोनवर फोनमधून बोलताना ओठ आणि शब्द बरेचसे जुळलेले असतात. लॅपटॉपवर मात्र ऐकायचं कुठून आणि बोलायचं कुठून हे दोन्ही वेगवेगळं निवडता येतं. कुणीतरी सांगतं, ‘हेडफोनचा माइक लावला की आवाज फोनसारखा होतो, लॅपटॉपचा माइक ठेव.’ तसं केलं की आवाज खरंच सुंदर होतो. पण आता हेडफोन संगीताच्या मार्गावर गेलेला असतो आणि पलीकडच्या माणसाचे ओठ पुढे पळू लागतात.

मग चित्रपट पाहताना हाच हेडफोन, हाच मार्ग असूनही ओठ जुळलेले कसे दिसतात? कारण तिथे चित्र थांबवता येतं. हेडफोन किती उशिरा वाजवतो याचा अंदाज यंत्रणेला असेल, तर व्हिडिओचं ॲप चित्रच तेवढं उशिरा दाखवतं. हेडफोनने आपला उशीर स्वतः कळवावा अशी सोय संगीताच्या मार्गात आहे, पण ती ऐच्छिक आहे. ज्या जोडीत ती नीट चालते तिथे काम सोपं होतं, जिथे नाही तिथे अंदाजावर भागवलं जातं आणि तो चुकतो.

कॉलमध्येही ॲप चित्र रोखू शकतं, आणि काही ॲपं जमेल तितकं रोखतातही. पण माझ्या मते कॉलसाठी हा उपाय अर्धाच आहे. चित्रपट आपली वाट पाहत नसतो, पलीकडचा माणूस पाहत असतो. त्याचं वाक्य संपलं तरी ते आपल्या कानात पाव सेकंदाने संपतं. आपण उत्तर देतो, तोवर तो ‘ऐकू येतंय ना?’ म्हणून पुन्हा बोलायला लागलेला असतो. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. त्याच दूरसंचार संघाची दूरध्वनीसाठीची शिफारस म्हणते की एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सहसा सहज चालतं. दूर देशाच्या कॉलमध्ये त्यातला बराच भाग नेटच खातं. त्यावर हेडफोनचे २५० चढले, तर चित्र कितीही नेमकं जुळवलं तरी बोलणं अडखळणारच. म्हणून कॉलमध्ये चित्राला मागे खेचण्याऐवजी आवाजाचा उशीरच कापायला हवा.

त्याआधी दोष खरंच हेडफोनचा आहे का, हे ओळखायचं. यासाठी एक साधी खूण आहे: उशीर कोणत्या बाजूला आहे ते बघा. ओठ आधी आणि शब्द नंतर, असं असेल तर संशय हेडफोनवर. शब्द आधी आणि ओठ नंतर, असं असेल तर चित्र मागे पडतंय. त्याचं कारण पलीकडचा कॅमेरा, थकलेला प्रोसेसर किंवा नेट असू शकतं, पण हेडफोन जवळजवळ कधीच नसतो, कारण ब्लूटूथ आवाजाला उशीर लावू शकतं, घाई नाही. दुसरी खूण कॉलमध्ये अनेक जण असताना मिळते. सगळ्यांचेच ओठ पुढे पळत असतील तर बिघाड आपल्याकडे आहे, एकाच माणसाचे पळत असतील तर त्याच्याकडे. आणि तिसरी, सगळ्यात निर्णायक परीक्षा अशी: कॉल चालू असतानाच आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर घ्या. त्याच क्षणी, किंवा काही सेकंदांत, ओठ जुळले तर दुसरीकडे शोधायची गरज नाही.

माझ्या सांगलीच्या मावशीकडे हा प्रश्न नेमका असाच होता. तिला कानाने थोडं कमी ऐकू येतं, लेक जर्मनीत. डोक्यावर घालायचा ब्लूटूथ हेडफोन, विंडोज १० चा लॅपटॉप. “तिचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागनं येतो रे,” मावशी म्हणाली. “मग मला काहीच समजत नाही. फोनवर बरं समजतं, पण त्यावर तिचं तोंड एवढंसं दिसतं.” फोनवर समजतं आणि लॅपटॉपवर नाही, हे तिचं वाक्य ऐकल्यावर कुठे बघायचं ते जवळपास ठरलंच होतं. तरी मोजून पाहिलं.

मोजायला खास उपकरण लागत नाही. पलीकडच्या माणसाला कॅमेऱ्यासमोर, हात पूर्ण दिसतील असे, सावकाश काही टाळ्या वाजवायला सांगायच्या. आपण फोनने लॅपटॉपच्या पडद्याचं चित्रीकरण करायचं आणि हेडफोनचा एक कान फोनच्या माइकपाशी धरायचा. म्हणजे एकाच चित्रफितीत दिसणारी टाळी आणि कानात येणारी टाळी दोन्ही मिळतात. मग ती फीत एखाद्या साध्या एडिटिंग ॲपमध्ये उघडायची. हात एकमेकांना भिडलेली फ्रेम शोधायची, आवाजाच्या आलेखात टाळीचा उंच सुळका शोधायचा आणि मधल्या फ्रेम मोजायच्या. फोन सेकंदाला ३० फ्रेम घेत असेल तर एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद. एका टाळीवर भरवसा ठेवू नये, कारण नेटमुळे एखादी पुढेमागे होते. चारपाच टाळ्यांची सरासरी बोलकी असते. कॉलमधलं चित्रही सेकंदाला तीसएक फ्रेमचं किंवा त्याहून कमी असल्यामुळे याहून बारीक मोजण्यात अर्थ नाही.

लॅपटॉपच्या स्पीकरवर टाळी आणि आवाज यांच्यात फार तर एका फ्रेमचं अंतर निघालं. म्हणजे जर्मनीपासून सांगलीपर्यंत जोडी शाबूत होती. हेडफोनवर तेच अंतर आठ फ्रेमचं, साधारण २६५ मिलिसेकंदांचं. झूमच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडलेला होता आणि स्पीकर म्हणून हेडफोनची जी नोंद होती तिच्या शेवटी `Stereo` लिहिलेलं होतं. संगीताचा मार्ग.

विंडोज १० एकाच हेडफोनच्या दोन नोंदी दाखवतो. `Stereo` असलेली संगीताची आणि `Hands-Free AG Audio` असलेली बोलण्याची. कॉलमधला उशीर कमी करायचा तर ॲपमध्ये स्पीकर आणि माइक या दोन्ही जागी `Hands-Free AG Audio` निवडायचं. दोन्ही जागी, हे महत्त्वाचं. माइक तेवढा बदलला आणि स्पीकर `Stereo`वरच राहिला, तर संगीताचा मार्ग बंद पडतो आणि कानात काहीच येत नाही. हेडफोन बिघडला असं वाटून लोक तो परत करायला निघतात. विंडोज ११ ने या दोन नोंदींची एक केली आहे. तिथे कॉलच्या ॲपमध्ये हेडफोनचाच माइक निवडला की मार्ग आपोआप बदलतो. मॅकवरही तसंच होतं: आउटपुट आणि इनपुट दोन्ही हेडफोन ठेवले की बोलण्याचा मार्ग, इनपुट मॅकच्या माइकवर नेलं की संगीताचा. मार्ग बदलला की नाही हे कानालाच कळतं, आवाज एकदम अरुंद होतो.

मावशीच्या लॅपटॉपवर हा बदल केल्यावर टाळीचं अंतर तीन फ्रेमवर आलं, म्हणजे शंभर मिलिसेकंदांच्या आसपास. ओठ जुळले. पण मावशी खूश झाली नाही. “आता जुळतंय,” ती म्हणाली, “पण आवाज जुन्या फोनसारखा झाला. मला नीट ऐकू येत नाही.” तिचं म्हणणं रास्त होतं. तिच्यासारख्या माणसाला ओठही हवेत आणि स्पष्ट आवाजही, आणि तिच्या हेडफोनच्या ब्लूटूथमध्ये या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. कान शाबूत असलेल्या माणसाला मी बोलण्याचाच मार्ग सुचवेन. कार्यालयाच्या बैठकीत, मुलाखतीत, शिकवणीत अरुंद पण वेळेवरचा आवाज भरगच्च पण मागे पडणाऱ्या आवाजापेक्षा केव्हाही बरा.

मावशीसाठी उत्तर हेडफोनच्या खोक्यात पडून होतं. डोक्यावर घालायच्या बऱ्याच ब्लूटूथ हेडफोनना साडेतीन मिलिमीटरच्या पिनची वायर जोडायची सोय असते आणि ती वायर सोबतच येते. वायर लावली की ब्लूटूथ बाजूला पडतं. हेडफोनचा माइक अशा वेळी बहुधा चालत नाही, पण तो इथे नकोच होता. बोलायला लॅपटॉपचा माइक होता. आवाज भरलेला राहिला आणि टाळीचं अंतर स्पीकरइतकंच, एका फ्रेमवर आलं. ज्यांना वायर नकोच त्यांच्यासाठी यूएसबीत खोचायच्या छोट्या डोंगलसह येणारे, स्वतःच्या २.४ गिगाहर्ट्झच्या जोडणीवर चालणारे हेडफोन मिळतात. त्यांचाही उशीर संगीताच्या ब्लूटूथपेक्षा खूप कमी असतो. मात्र लहान इअरबड्सना वायरची सोय नसते, तिथे मार्ग बदलणं हाच खरा उपाय.

काही इअरबड्समध्ये ‘गेम मोड’ किंवा ‘लो लेटन्सी’ नावाची सोय असते. ती संगीताच्या मार्गावरचा साठा लहान करते. लॅपटॉपचा माइक सोडायचाच नसेल तर ती चालू करून टाळीची परीक्षा पुन्हा घ्यावी. काही जोड्यांत फरक स्पष्ट दिसतो. टाकी लहान झाली की गर्दीच्या वेळी धार तुटणार, तसा आवाज मधूनमधून तुटू लागला तर मोड पुन्हा बंद करायचा. खोक्यावरचा ब्लूटूथ ५.० किंवा ५.३ हा आकडा मात्र या बाबतीत काहीच सांगत नाही. आकडा मोठा म्हणून साठा लहान होत नाही.

उशीर कॉलच्या सुरुवातीला नसतो आणि हळूहळू वाढत जातो, असंही घडतं. तेव्हा हवेतल्या गर्दीकडे पाहावं. लॅपटॉपचा वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर एकाच चिपला वायफाय आणि ब्लूटूथ आळीपाळीने चालवावं लागतं, म्हणून राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडून घ्यावं. यूएसबी ३ च्या हार्ड डिस्क आणि त्यांच्या वायरी याच पट्ट्यात गोंगाट करतात. ब्लूटूथचा डोंगल त्यांच्या शेजारच्या पोर्टमध्ये असेल तर तो छोट्या एक्स्टेन्शन वायरने दूर न्यावा. हेडफोन एकाच वेळी फोन आणि लॅपटॉप दोन्हींना जोडलेला असेल तर कॉलपुरतं फोनचं ब्लूटूथ बंद करावं. आणि साचलेला उशीर काढायला हेडफोन तोडून पुन्हा जोडला की साठा नव्याने सुरू होतो.

तक्रार उलट बाजूनेही येते. ‘तुझा आवाज आधी येतो आणि तोंड नंतर हलतं,’ असं पलीकडचे म्हणतात, तेव्हा आपला हेडफोन सोडून कॅमेऱ्याकडे वळावं. पार्श्वभूमी धूसर करणारी सोय प्रत्येक फ्रेमवर मेहनत घेते, आणि जुना लॅपटॉप त्यात मागे पडतो. ती बंद करून पाहावी. खोलीत उजेड कमी असेल तर वेबकॅम प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश देतो आणि सेकंदाच्या फ्रेम तीसवरून पंधरावर येतात. चेहऱ्यासमोर एक दिवा लावला तरी चित्र सुधारतं. आवाज आधी येण्याला आपण किती कमी सवलत देतो ते वरच्या आकड्यांत दिसलंच आहे, त्यामुळे इथे थोडा फरक पडला तरी पलीकडच्यांना तो कळतो.

दोन मार्गांमधली ही ओढाताण मुळातूनच काढण्यासाठी ब्लूटूथची नवी रचना २०२० साली जाहीर झाली. तिचं नाव एलई ऑडिओ. तिच्यात ऐकणं आणि बोलणं एकाच बांधणीवर चालतं, दोन्हींसाठी एलसी३ नावाची एकच आवाज आकसण्याची पद्धत असते, आणि आवाज नेमका कधी वाजवायचा हे दोन्ही बाजू आधी ठरवून घेतात. म्हणजे माइक चालू केला म्हणून आवाज अरुंद व्हायला नको आणि स्पष्ट आवाजासाठी मोठा साठाही करायला नको. अडचण इतकीच की लॅपटॉपची चिप, तिचा ड्रायव्हर आणि हेडफोन, तिघांनाही ती यावी लागते. एकाला येत नसेल तर सगळे मुकाट जुन्या दोन मार्गांवर परततात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जच्या ब्लूटूथच्या पानावर `Use LE Audio when available` असं बटण दिसतं का ते पाहावं. ते दिसत नसेल तर त्या लॅपटॉपला ती रचना अजून येत नाही, आणि केवळ तिच्यासाठी नवा हेडफोन घेऊन कॉलमधला उशीर जाणार नाही.